नाव न घेता केलेली तुलना : च्यवनप्राशाच्या डब्यावरील एक ओळ

औषधाच्या डब्यावर, औषधालयातील फलकावर किंवा वृत्तपत्रातील जाहिरातीत औषधाच्या नावाखाली बहुधा एक लहानशी ओळ असते. आपले औषध इतर पर्यायांहून कशात वेगळे आहे, हे ती ओळ ग्राहकास सांगू पाहते. ती लिहिणारा दोन बाबतींत निश्चिंत असतो. आपण कोणत्याही प्रतिस्पर्ध्याचे नाव घेतलेले नाही, ही पहिली. आणि आपण लिहिलेले खोटे आहे असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, ही दुसरी. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत, असे मला या लेखात मांडावयाचे आहे. नाव न घेताही विशिष्ट माणसाकडे बोट दाखविता येते. आणि जे खोटे ठरविता येत नाही ते तेवढ्यानेच खरे ठरत नाही. निर्दोष तुलना ही दुसऱ्या उत्पादकाशी केलेली नसते. ती ग्राहकापुढील दोन पर्यायांची असते, आणि तिचा प्रत्येक शब्द उत्पादकाच्या दप्तरातील कोणत्या ना कोणत्या कागदावर उभा असतो.

विवेचनासाठी मी च्यवनप्राशाचे उदाहरण घेतो. हे औषध प्रत्येक वैद्यास ठाऊक आहे, जवळजवळ प्रत्येक औषधालयात ते विकले जाते, आणि तुलनेच्या ओळीवरून आपल्या देशात झालेले काही महत्त्वाचे वाद याच औषधाभोवती झालेले आहेत.

तुलना मुळात असावी काय?

काही ज्येष्ठ वैद्यांचे म्हणणे असे, की शास्त्रोक्त कल्पाच्या बाबतीत तुलनेचा प्रश्नच उद्भवत नाही. पाठ एक, कृती एक. मग माझा च्यवनप्राश आणि तुझा च्यवनप्राश असा भेद कसा? या म्हणण्यामागील भावना मी समजू शकतो. परंतु वस्तुस्थिती तशी नाही, आणि त्याचे कारण पाठातच आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात च्यवनप्राशाचा पाठ येतो. त्यात आवळे सांगितले आहेत ते संख्येने : पाचशे. मत्स्यंडिका, म्हणजे खडीसाखरेसारखी शर्करा, सांगितली आहे ती वजनाने : अर्धी तुला. पल म्हणजे ४८ ग्रॅम हे आज रूढ असलेले परिमाण धरल्यास अर्धी तुला २ किलो ४०० ग्रॅम होते. आता रानातला लहान आवळा १२ ग्रॅमचा धरला, तर पाचशे आवळ्यांचे वजन ६ किलो होईल. बागेतला कलमी आवळा ४० ग्रॅमचा धरला, तर तेच वजन २० किलो होईल. म्हणजे अक्षरशः एकाच पाठाचे अनुसरण करणाऱ्या दोन उत्पादकांपैकी एकाच्या लेहात साखर फळाच्या वजनाच्या ४० टक्के असेल, तर दुसऱ्याच्या लेहात १२ टक्के. दोघांनाही आपला कल्प शास्त्रोक्त आहे असे म्हणता येईल.

भेदाची ही एकच जागा नव्हे. आवळा ताजा घेतला की सुक्या आवळ्याचे चूर्ण भिजवून घेतले, तूप आणि तिळतेल दोन्ही घातले की केवळ तूप, न मिळणाऱ्या अष्टवर्गातील द्रव्यांऐवजी कोणती प्रतिनिधी द्रव्ये योजली, मध लेह पूर्ण थंड झाल्यावर मिसळला की नाही, या प्रत्येक ठिकाणी उत्पादकास निवड करावी लागते. एकाच नावाचे डबे म्हणून आतून भिन्न असतात. रुग्णास कोणता द्यावा हे ठरविताना वैद्यास तो भेद कळणे आवश्यक आहे. त्यामुळे तुलना असावीच, असे माझे मत आहे. वाद आहे तो ती कशी असावी याविषयी.

नाव न घेताही बोट दाखविले जाते

प्रथम नाव न घेण्याचा प्रश्न पाहू. २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे डाबर विरुद्ध इमामी हा वाद आला. उन्हाळ्यात च्यवनप्राश विसरा व त्याऐवजी आमचे अमृतप्राश घ्या, अशा आशयाची ती जाहिरात होती. तिच्यात कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते, कोणाचा डबाही दाखविलेला नव्हता. तरीही न्यायालयाने त्या जाहिरातीस प्रतिबंध केला. संपूर्ण वर्गाची निंदा केली की त्या वर्गातील प्रत्येक उत्पादकाची निंदा होते, हे त्यामागील तत्त्व होय. च्यवनप्राश हा कल्पच उन्हाळ्यात त्याज्य आहे असे सांगितले, तर तो करणारा प्रत्येक जण त्यात आला.

दुसरा वाद २०२५ मधील, डाबर विरुद्ध पतंजली. त्याचे तपशील तुलनेची ओळ लिहिणाऱ्या प्रत्येकाने मुळातून पाहण्यासारखे आहेत. ४० वनस्पतींपासून केलेल्या साधारण च्यवनप्राशावर समाधान का मानता, अशा आशयाची एक ओळ त्या जाहिरातीत होती. येथेही नाव नव्हते. परंतु ४० हा आकडा बाजारातील एका सुप्रसिद्ध डब्याशी जोडलेला होता. तो वाचताच ग्राहकाच्या डोळ्यांसमोर तोच डबा येणार. जुलै २०२५ मध्ये एकसदस्यीय पीठाने त्या जाहिरातींना अंतरिम मनाई केली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये द्विसदस्यीय पीठाने त्या मनाईत बदल केला. साधारण च्यवनप्राशावर समाधान का मानता, एवढे विचारण्यास हरकत नाही. मात्र ४० वनस्पतींचा उल्लेख काढावा, असा त्याचा इत्यर्थ होता. म्हणजे ‘साधारण’ हे विशेषण राहिले आणि आकडा गेला. आकड्याने येथे नावाचे काम केले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच दोन पक्षांतील आणखी एक जाहिरात न्यायालयापुढे आली. तिच्यात इतर च्यवनप्राशांस ‘धोका’ म्हणजे फसवणूक म्हटले होते. तीही अंतरिम आदेशाने थांबविण्यात आली, आणि तेथे पुन्हा संपूर्ण वर्गाच्या निंदेचेच तत्त्व लागू झाले. हे सर्व आदेश अंतरिम स्वरूपाचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. तरी त्यांतून मिळणारा बोध पुरेसा स्पष्ट आहे.

वैद्य म्हणून या वादाकडे पाहताना मला आणखी एक गोष्ट जाणवते. वनस्पतींच्या संख्येची तुलना मुळातच पोकळ आहे. दशमूळ हे एक द्रव्य मोजावे की दहा? चातुर्जात एक की चार? क्वाथाची द्रव्ये आणि प्रक्षेपाची द्रव्ये यांत एखादी वनस्पती दोनदा आली, तर ती एकदा मोजावी की दोनदा? मोजण्याची रीत बदलली की तोच कल्प ३० द्रव्यांचाही होतो आणि ५० द्रव्यांचाही. शिवाय संख्या वाढल्याने प्रत्येक द्रव्याची मात्रा किती राहिली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. सर्वसामान्य ग्राहक मात्र मोठा आकडा अधिक चांगला असे समजतो. आकडा खरा असूनही समज खोटा होतो, तो असा.

सिद्ध न होणारे शब्द

आता दुसरा प्रश्न. स्वतःच्या मालाची सर्वसाधारण स्तुती आपल्या न्यायालयांनी बरीच सहन केलेली आहे. उत्पादकाने आपला माल उत्तम म्हणावा, इतरांहून सरसही म्हणावा. परंतु इतरांचा माल वाईट आहे असे म्हणू नये, अशी सर्वसाधारण मर्यादा १९९० च्या दशकातील कोलकाता उच्च न्यायालयाच्या एका निर्णयात घालून दिलेली आढळते. तो वाद कपड्यांच्या निळीविषयी होता. औषधाच्या बाबतीत या सवलतीवर विसंबणे मला योग्य वाटत नाही. निळीने कपडा कमी उजळला तर ते डोळ्यांना दिसते. लेहाने ओज किती वाढले, हे ग्राहकास पाहता येत नाही. जेथे ग्राहकास पारखता येत नाही, तेथे लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढते.

‘दुप्पट गुणकारी’ हा शब्दप्रयोग घ्या. दुप्पट कशाच्या? गुण कोणता, आणि तो कसा मोजला? दोन्ही लेह सारख्याच मात्रेत, सारख्याच काळ, तुलनायोग्य रुग्णांना देऊन केलेला अभ्यास दप्तरी असेल, तरच या शब्दांना अर्थ आहे. लहान औषधनिर्माणशाळेकडे असा अभ्यास नसतो, आणि तो नसणे हा काही अपराध नव्हे. अपराध तो असल्याचा आव आणण्यात आहे. ‘अधिक लवकर शोषला जाणारा’, ‘अधिक शुद्ध’, ‘खरा’, ‘अस्सल’ या शब्दांचीही तीच गत. ‘अस्सल’ या शब्दात तर इतरांचे नकली असल्याचा आरोप दडलेला आहे, म्हणून तो दोन्ही कसोट्यांवर उतरत नाही.

प्रयोगशाळेचा आकडाही दर वेळी आधार ठरतो असे नाही. ‘क’ जीवनसत्त्वाचे प्रमाण हे त्याचे उत्तम उदाहरण होय. आवळ्यातील हे द्रव्य शिजविताना उष्णतेने घटते, आणि पुढे साठवणीतही घटत राहते. डबा भरल्याच्या आठवड्यात केलेल्या चाचणीचा आकडा ओळीत छापला, तर अठरा महिन्यांनी तोच डबा उघडणाऱ्या ग्राहकास तो आकडा लागू राहत नाही. आकडा द्यावयाचाच असेल, तर तो मुदतीच्या अखेरीसही टिकणारा असला पाहिजे, आणि तसे दाखविणाऱ्या चाचण्या हाती असल्या पाहिजेत. अन्यथा तो गाळावा.

एक मसुदा : पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत

आता प्रत्यक्ष एक ओळ घडवून पाहू. समजा, एका लहान औषधनिर्माणशाळेने आपल्या च्यवनप्राशासाठी पुढील मसुदा केला आहे. उदाहरण आणि त्यातील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत.

‘इतर च्यवनप्राशात साखरच साखर! आमच्यात १०० टक्के ताज्या आवळ्याची शक्ती. दुप्पट गुणकारी.’

पहिले वाक्य संपूर्ण वर्गाची निंदा करते, म्हणून ते जावे. ‘१०० टक्के’ हे अशक्य आहे. लेहात साखर, तूप, मध व प्रक्षेपद्रव्ये असणारच. ‘शक्ती’ मोजण्याचे माप नाही. ‘दुप्पट गुणकारी’ला आधार नाही. या मसुद्यातून शेवटी एकच शब्द हाती उरतो, तो म्हणजे ‘ताजा’. आता त्या शब्दामागे काही आहे का, हे पाहण्यासाठी दप्तर उघडावे लागेल.

बॅचच्या नोंदीत असे आढळते : ताजे आवळे १०० किलो, साखर ६० किलो, तयार लेह १२५ किलो. सोबत आवळ्याच्या खरेदीच्या पावत्या आहेत, त्यांवर तारीख व वजन आहे, आणि त्या तारखा लेह शिजविल्याच्या तारखांशी दोन-तीन दिवसांच्या अंतराने जुळतात. सुक्या आवळ्याची खरेदी त्या वर्षात मुळीच नाही. एवढे सिद्ध आहे. बाजारात सुक्या आवळ्याच्या चूर्णापासूनही च्यवनप्राश केला जातो, हे आपल्या व्यवसायात सर्वांस माहीत आहे. म्हणजे ग्राहकापुढे दोन पर्याय खरोखरच आहेत, आणि या उत्पादकाने त्यांपैकी एक निवडलेला आहे. तुलनेचा आधार सापडला, तो येथे.

दुसरा मसुदा असा होईल : ‘सुक्या चूर्णाचा नव्हे, ताज्या आवळ्याचा. दर १०० ग्रॅममध्ये ८० ग्रॅम आवळा.’

हा पहिल्याहून पुष्कळ बरा, तरी त्यात दोन दोष आहेत. ‘नव्हे’ या शब्दामुळे चूर्णाचा च्यवनप्राश हीन आहे असा सूर लागतो, आणि ते आपण सिद्ध केलेले नाही. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. १०० किलो आवळ्यांतून १२५ किलो लेह झाला, म्हणजे १०० ग्रॅम लेहामागे ८० ग्रॅम आवळा, हा हिशेब बरोबर आहे. परंतु हे ८० ग्रॅम बियांसह, पाण्यासह असलेल्या फळाचे वजन आहे. उकडून बी व रेषा काढल्यावर आणि गर तुपातेलात परतून त्यातील पाणी आटल्यावर ते पुष्कळ कमी होते. साखर १०० ग्रॅममागे ४८ ग्रॅम आहे. ८० आणि ४८ यांची बेरीज १२८ होते. १०० ग्रॅमच्या डब्यात १२८ ग्रॅम मावणार नाहीत! ‘मध्ये’ हा शब्द चुकीचा आहे, ‘साठी’ हवा. अशा एका प्रत्ययाच्या फरकाने खरा आकडा खोटा होतो.

तिसरा आणि अंतिम मसुदा मी असा सुचवीन :

‘ताज्या आवळ्याच्या गरापासून केलेला च्यवनप्राश. १०० ग्रॅम लेहासाठी ८० ग्रॅम ताजी फळे (बियांसह वजन) वापरली आहेत. सुक्या आवळ्याचे चूर्ण वापरलेले नाही. १०० ग्रॅममध्ये साखर ४८ ग्रॅम.’

येथे कोणाचे नाव नाही, कोणाकडे निर्देश करणारा आकडा नाही, कोणत्याही वर्गास दूषण नाही. चूर्ण वापरलेले नाही हे केवळ वस्तुस्थिती म्हणून सांगितले आहे. चूर्ण वाईट असे म्हटलेले नाही. तरीही ज्या ग्राहकास ताज्या फळाचाच लेह हवा आहे, त्यास त्याचे उत्तर मिळते. आणि साखरेचा आकडा उत्पादकाने स्वतःहून दिला आहे, जरी तो त्याच्या सोयीचा नाही. हे वाक्य मी हेतुपुरस्सर घातले. जी बाजू आपल्याला अनुकूल तेवढीच तोलावयाची आणि प्रतिकूल बाजू झाकावयाची, ही तुलनेतील सर्वांत रूढ फसवणूक होय. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही तुलनेचा विषय असा निवडू नये की जाहिरातदारास कृत्रिम लाभ मिळेल, अशी अट आहे. १० ग्रॅमच्या मात्रेतून सुमारे ५ ग्रॅम साखर पोटात जाते, हे कळल्याशिवाय वैद्याने कोणत्या रुग्णास तो लिहून द्यावा आणि कोणास देऊ नये, हे कसे ठरवावे?

‘नाही’ या शब्दाविषयी एक सावधगिरी. जे कोणाच्याच लेहात नसते, ते आपल्यात नाही असे सांगणे हीदेखील फसवणूक आहे. सर्वच उत्पादक ताजे आवळे वापरीत असते, तर चूर्ण नसल्याची ओळ खरी असूनही दिशाभूल करणारी ठरली असती. साखरविरहित कल्पांच्या बाबतीत हे अधिक जपावे लागते. साखर नाही असे लिहावे, आणि तिच्याऐवजी गोडीसाठी काय घातले आहे तेही लिहावे. तेथून पुढे जाऊन ‘मधुमेहींसाठी’ असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. मधुमेह हा १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टातील विकार आहे, आणि तेथे केलेला उपचाराचा दावा थेट त्या कायद्याच्या कक्षेत येतो.

ओळ छापली गेल्यानंतर

सर्वाधिक चुका ओळ लिहिताना होत नाहीत. त्या छापल्यानंतर होतात. आपल्याकडे ताज्या आवळ्याचा हंगाम हिवाळ्याचा. त्या दिवसांत उत्पादकाने ओळ छापलेली पाच हजार वेष्टने करून घेतली. वैशाखात मागणी वाढली, हंगामातील लेह संपला, आणि हाताशी सुका आवळा किंवा साखरेत मुरवून ठेवलेला गर आहे. वेष्टने उरलेलीच आहेत. नवी बॅच त्याच वेष्टनांत जाते आणि काल खरी असलेली ओळ आज खोटी होते. कोणी खोटे बोलले नाही. ओळ तेवढी मागे राहिली.

याचे निदान अवघड नाही. बॅचची उत्पादन तारीख आणि आवळ्याच्या पावतीची तारीख शेजारी ठेवाव्यात. ज्येष्ठ-आषाढातील बॅचच्या डब्यावर ‘ताज्या आवळ्याचा’ अशी ओळ असेल, तर प्रश्न विचारावा. उपायही साधा आहे : अशी ओळ मूळ वेष्टनावर छापू नये; ती वेगळ्या चिठ्ठीवर छापून, संबंधित बॅचची नोंद तपासल्यावरच चिकटवावी. आणि बॅचगणिक साखर व लेह यांचे उत्पन्न थोडे बदलते, म्हणून आकडा देताना वर्षभरातील सर्व बॅचांपैकी ग्राहकास सर्वांत कमी अनुकूल असलेला आकडा घ्यावा. एका बॅचला ८३ व दुसऱ्या बॅचला ८० येत असेल तर ८० लिहावे. साखरेचा मात्र मोठा आकडा लिहावा.

आणखी एक तपासणी येथेच व्हावी. औषध नियमांनुसार आयुर्वेदीय औषधाच्या डब्यावर किंवा सोबतच्या पत्रकात घटकांची खरी यादी द्यावी लागते. समोरची ओळ आणि मागची यादी यांत विसंगती असेल, तर ग्राहकाच्या आधी ती आपल्यालाच दिसली पाहिजे.

वैद्य आणि औषधविक्रेता यांचा यात संबंध काय?

ही सर्व जबाबदारी उत्पादकाची आहे, आम्ही केवळ विकतो किंवा लिहून देतो, असे काही जण म्हणतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हा युक्तिवाद फारसा शिल्लक ठेवलेला नाही. त्या कायद्यातील जाहिरातीच्या व्याख्येत सूचना, परिपत्रक, वेष्टन, डब्यावरील लेबल आणि बीजकदेखील येते. म्हणजे औषधालयाच्या मांडणीवर आपण स्वतः लिहून लावलेला पुठ्ठाही त्यातून सहज सुटत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास उत्पादकावर अथवा शिफारस करणाऱ्यावर १० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो, आणि पुनरावृत्ती झाल्यास तो ५० लाखांपर्यंत जातो. ज्या वैद्याचे नाव व पदवी एखाद्या औषधाच्या ओळीखाली छापली जाते, तो शिफारस करणाराच होय. शिफारस करण्यापूर्वी योग्य ती पडताळणी केली होती, हे त्याला दाखविता आले पाहिजे.

परंतु दंडाच्या भयापेक्षा मला दुसरे एक नुकसान मोठे वाटते. ‘इतरांचा च्यवनप्राश म्हणजे फसवणूक’ असे दहा डब्यांनी एकमेकांविषयी सांगितले, तर ग्राहक त्यांतून एक खरा डबा निवडीत नाही. तो दहाही डब्यांविषयी साशंक होतो, आणि पुढे तो ज्या वैद्याकडे येतो त्याच्या प्रत्येक कल्पाविषयी साशंक होतो. च्यवनप्राश हे कोणा एका कंपनीचे नाव नाही. तो आपल्या सर्वांचा सामाईक कल्प आहे, आणि त्याच्या नावाला लागलेला डाग वेचून एका डब्यावर ठेवता येत नाही.

म्हणून माझी वाचक वैद्यबंधु-भगिनींना व औषधालयांच्या चालकांना एक साधी सूचना आहे. कंपनीचा प्रतिनिधी तुलनेची ओळ असलेला फलक घेऊन येईल, तेव्हा त्यास तीन प्रश्न विचारावेत. ही ओळ वाचून ग्राहकाच्या मनात दुसऱ्या कोणाचा डबा येतो काय? यातील प्रत्येक शब्दाचा कागद कोठे आहे? आणि जी बाजू आपल्याला प्रतिकूल आहे, ती याच मापाने येथे लिहिली आहे काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि तिसऱ्याचे ‘होय’ असे मिळाले, आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरादाखल बॅचच्या नोंदीची प्रत समोर आली, तर फलक अवश्य लावावा. तसे न झाल्यास तो नम्रपणे परत करावा. पुढल्या खेपेस ओळ बदलून येईल, असा माझा विश्वास आहे. कारण जेथे विक्री व्हावयाची ती मांडणी शेवटी आपल्याच हाती आहे.